टेम्पो लीजवर घेताय? फायनान्स लीज आणि ऑपरेटिंग लीज वह्यांत कशी दिसते

तुर्भे एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला ९,९३,००० रुपयांचा टेम्पो लीजवर घ्यायचा आहे, असं समजू. समोर दोन प्रस्ताव आहेत. पहिल्यात तीन वर्षं, प्रत्येक वर्षाअखेर ३,९९,३०० रुपये भरायचे आणि शेवटी टेम्पो कंपनीच्या नावावर होणार. दुसऱ्यात वर्षाला २,४०,००० रुपये भाडं, तीन वर्षांनी टेम्पो परत. जीएसटी दोन्हीकडे बाजूला ठेवू.

दुसऱ्याची नोंद सोपी आहे. हे ऑपरेटिंग लीज, म्हणून दरवर्षी २,४०,००० खर्च. ताळेबंदात टेम्पोही नाही, कर्जही नाही.

पहिला प्रस्ताव फायनान्स लीज आहे. लेखा मानक १९ नुसार करार सुरू होताच वाहन खाते नावे आणि लीज देणे खाते जमा करायचं. रक्कम कोणती? वाहनाची रास्त किंमत आणि भाड्यांचं आजचं मूल्य यांत जी कमी ती. इथे १० टक्के दराने तिन्ही भाड्यांचं आजचं मूल्य बरोबर ९,९३,००० येतं, त्यामुळे प्रश्नच उरत नाही.

आता व्याज. ते दरवर्षी सुरुवातीच्या शिल्लक देण्यावर निघतं. पहिल्या वर्षी ९९,३००, म्हणजे भाड्यातले उरलेले ३,००,००० मुद्दलात गेले आणि देणं ६,९३,००० राहिलं. दुसऱ्या वर्षी व्याज ६९,३००, देणं ३,६३,०००. तिसऱ्या वर्षी व्याज ३६,३०० आणि देणं शून्य. शून्य आलं नाही, तर दर किंवा हप्त्याची तारीख चुकली आहे. भाडं वर्षाच्या सुरुवातीला द्यायचं असेल तर पहिल्या हप्त्यात व्याज नसतंच. गफलत बहुधा इथेच होते. एकूण २,०४,९०० व्याजाचे तीन समान भाग पाडणंही चूकच.

टेम्पो शेवटी आपलाच होणार, म्हणून घसारा उपयुक्त आयुष्यावर. आठ वर्षं धरून आणि भंगार किंमत शून्य मानून तो वर्षाला १,२४,१२५. पहिल्या वर्षीचा खर्च व्याजासह २,२३,४२५ होतो आणि पुढे कमी होत जातो. रोख मात्र ३,९९,३०० बाहेर जाते. नफा बघून खूश होण्याआधी हा फरक पाहायलाच हवा.

टेम्पो पाच-सहा वर्षं राबवायचा असेल तर मी फायनान्स लीज निवडेन. पण बँकेकडे कॅश क्रेडिटचं नूतनीकरण तोंडावर असेल, तर पहिल्या वर्षाअखेर दिसणारं ६,९३,००० चं देणं आणि त्यातले पुढच्या वर्षात फिटायचे ३,३०,००० चालू देण्यात, हे बँक पाहणारच. तिथे दुसरा प्रस्ताव सोयीचा ठरतो.

करारावर ‘ऑपरेटिंग लीज’ असा मथळा छापून घेतल्याने मात्र सुटका नाही. टेम्पोची जोखीम आणि फायदा आपल्याकडे आला असेल, तर तो फायनान्स लीजच. आयकरातला घसारा या नोंदीवरून ठरत नाही, हे सीबीडीटीने २००१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. त्याचा हिशोब वेगळा मांडावा. आणि कंपनीला इंड एएस ही वेगळी लेखा मानकं लागू असतील तर ही तुलना लागू नाही: तिथे इंड एएस ११६ मुळे दुसरा प्रस्तावही ताळेबंदात येतो.