यकृतातील गळू अमिबाचे की जिवाणूंचे: सुई घालावी की बहात्तर तास थांबावे?

सोनोग्राफीचे दोन अहवाल समोर ठेवून ही तुलना करतो. दोन्ही रुग्णांच्या यकृताच्या उजव्या खंडात, मागच्या-वरच्या बाजूला, सात सेंटिमीटरच्या आसपास एकच गळू आहे, आणि दोन्ही अहवालांच्या शेवटी ‘लिव्हर ॲब्सेस’ एवढेच लिहिले आहे. एक रुग्ण पारोळा तालुक्यातील छत्तीस वर्षांचा शेतमजूर आहे. तो बरीच वर्षे रोज गावठी दारू पितो, दहा दिवसांपासून त्याला ताप आहे आणि उजव्या बरगडीखाली बोट ठेवून तो “आठे दुखस” एवढेच सांगतो. दुसरी रुग्ण एकसष्ट वर्षांची, मधुमेह असलेली बाई आहे. तिला आठ दिवसांपासून हुडहुडी भरून ताप येतो आणि दाखल होताना तिची रक्तशर्करा 340 होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, परंतु खानदेशातील कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉक्टरला हे दोघेही ओळखीचे वाटतील. पहिल्याच्या गळवात सुई न घालणे योग्य ठरले आणि दुसरीच्या गळवात ती तीन दिवस उशिरा घातली गेली. हा फरक सोनोग्राफीच्या चित्रातून समजला नसता.

अमिबाच्या गळवाचे चित्र पाठ्यपुस्तकात ठळक असते. गोल किंवा अंडाकृती, यकृताच्या आवरणाला लागून असलेली, आतून एकसारखी करडी दिसणारी आणि भिंत फारशी न उठणारी एकच पोकळी असे त्याचे वर्णन असते. जिवाणूंच्या गळवात अनेक कप्पे, जाड आणि वेडीवाकडी भिंत, कधी आत हवा, तर सीटी स्कॅनवर लहान लहान गळवांचा एकमेकांत मिसळत चाललेला घोस दिसतो. हे सर्व खरे आहे, परंतु एकच मोठी पोकळी हे जिवाणूंच्या गळवाचेही नेहमीचे रूप आहे, आणि पहिल्या काही दिवसांत पू पुरता पातळ झालेला नसताना दोन्ही गळवे अर्धवट घन दिसतात. क्लेब्सिएला या जिवाणूचे गळू तर बरेच दिवस गाठीसारखे घनच दिसू शकते. म्हणून सोनोग्राफी करणाऱ्याला ‘कोणते गळू’ हा प्रश्न विचारण्यापेक्षा निर्णयाला उपयोगी पडतील असे तीन प्रश्न विचारावेत. गळू डाव्या खंडात आहे का? गळू आणि यकृताचे आवरण यांच्यामध्ये निरोगी यकृताचा थर किती उरला आहे? आणि पित्तनलिका फुगलेल्या आहेत का, किंवा पित्ताशयात खडे आहेत का? शेतमजुराच्या अहवालात थर दोन सेंटिमीटरचा होता आणि पित्तनलिका साध्या होत्या, म्हणून त्याच्या बाबतीत थांबणे शक्य झाले.

या टप्प्यावर चित्रापेक्षा रुग्णाचे वय, लिंग आणि आधीचे आजार जास्त सांगतात. अमिबाचे गळू मुख्यतः वीस ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांना होते, स्त्रियांना त्याच्या अनेक पटींनी कमी होते, आणि दारूशी त्याचा संबंध आपल्याकडे रोज दिसतो. अमिबा दूषित पाण्यावाटे आतड्यात जातो आणि तिथून प्रवेशिका शिरेने यकृतात पोहोचतो. बहुतेकांना त्या वेळी जुलाब नसतात, त्यामुळे ‘जुलाब नाहीत, म्हणजे अमिबा नाही’ हे अनुमान चुकीचे आहे. विष्ठेच्या तपासणीत अमिबा न सापडणे हेही त्याच्या विरुद्धचा पुरावा नव्हे. जिवाणूंचे गळू उतारवयात, मधुमेहात, पित्तमार्गातील खड्यांबरोबर किंवा अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याच्या दाहानंतर अधिक आढळते. रक्तातील अमिबाविरोधी प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी आहे, पण आपल्या भागात ती एका दिशेनेच वाचावी. आजार सुरू होऊन आठवडा उलटल्यावरही ती नकारात्मक असेल, तर अमिबाची शक्यता फार कमी होते. मात्र सकारात्मक निष्कर्ष कित्येक वर्षांपूर्वीच्या संसर्गाचाही असू शकतो.

मेट्रोनिडॅझोल हे या दोन आजारांमध्ये औषधही आहे आणि एका अर्थाने चाचणीही आहे. 1966 मध्ये ते अमिबाच्या गळवावर यशस्वी ठरल्याचे प्रसिद्ध झाले, आणि हृदयाला अपाय करणाऱ्या एमेटिनची जागा त्याने घेतली. ते अमिबा आणि हवेशिवाय वाढणारे जिवाणू मारते, परंतु क्लेब्सिएला आणि ई. कोलाय यांच्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. त्यामुळे केवळ मेट्रोनिडॅझोलवर असलेल्या रुग्णाचा ताप आणि दुखणे बहात्तर ते शहाण्णव तासांत स्पष्ट उतरले, तर गळू अमिबाचे असण्याची शक्यता बळावते. पहिल्याच दिवशी सेफ्ट्रिॲक्झोनही सुरू केले, तर ही खूण हातची जाते, कारण ताप कोणत्या औषधाने उतरला हे सांगता येत नाही. तरीही रुग्ण वृद्ध, मधुमेही, कावीळ झालेला किंवा रक्तदाब उतरलेला असेल, तर दोन्ही औषधे ताबडतोब द्यावीत. खुणेसाठी तिथे वाट पाहू नये. एकच अट पाळावी. पहिली मात्रा देण्यापूर्वी रक्त कल्चरसाठी दोन वेगवेगळ्या जागांहून घ्यावे. जिवाणूंच्या गळवात सुमारे निम्म्या रुग्णांचे रक्तकल्चर सकारात्मक येते, आणि हा पुरावा एकदा हुकला की परत मिळत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांना गावातच एखादे प्रतिजैविक सलाईनमधून मिळालेले असते, याची खंत वाटते.

शेतमजुराची वाटचाल पुढीलप्रमाणे झाली. ताप 102 अंश, नाडी 110, पांढऱ्या पेशी 17,000, बिलिरुबिन जवळजवळ साधे आणि आयएनआर 1.3 होता. रक्त कल्चरसाठी घेऊन 400 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, म्हणजे 800 मिलिग्रॅम मेट्रोनिडॅझोल, दिवसातून तीन वेळा तोंडाने सुरू केले. रुग्ण खाऊ शकत असेल, उलटी करत नसेल, तर तोंडाने घेतलेले औषध चांगले शोषले जाते, त्यामुळे शिरेतून देण्याने फायदा होत नाही. दुसऱ्या दिवशीही ताप 101 होता आणि नातेवाईक “पू काढूनच टाका” असा आग्रह धरू लागले. त्यांची भीती समजण्यासारखी आहे, कारण साडेसात सेंटिमीटरच्या पोकळीत सुमारे 220 मिलिलिटर पू असतो, आणि तो अंगात ठेवून गोळ्या देणे कुणालाही अपुरे वाटते. परंतु साध्या, गुंतागुंत नसलेल्या अमिबाच्या गळवात औषधाच्या जोडीला सरसकट पू ओढण्याने रुग्ण अधिक चांगला होतो, असे दिसून आलेले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप 99.4 वर आला, दीर्घ श्वास घेताना होणारे दुखणे कमी झाले आणि त्याने भाकरी मागितली. चौथ्या दिवशी कुणीतरी उत्साहाने सोनोग्राफी केली, तेव्हा गळू 7.8 सेंटिमीटर भरले. बऱ्याच ठिकाणी सुई घातली जाते ती नेमकी अशा वेळी, आणि ती विनाकारण असते. सुरुवातीच्या दिवसांत रुग्ण बरा होत असतानाही पोकळी थोडी वाढलेली दिसू शकते, म्हणून निर्णय ताप, दुखणे आणि भूक यांवर घ्यावा, सेंटिमीटरवर नव्हे.

बाईची गोष्ट वेगळी झाली. दुसऱ्या एका ठिकाणी तिलाही ‘अमिबाचे गळू’ समजून केवळ मेट्रोनिडॅझोल दिले गेले होते, आणि बहात्तर तासांनंतरही ताप तसाच होता. सुई घातल्यावर 60 मिलिलिटर घट्ट, पिवळसर पू निघाला आणि त्याच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएला वाढला. पूर्ण न वितळलेल्या गळवातून सगळा पू एका वेळी निघत नाही, आणि पाच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या जिवाणूंच्या गळवाला बहुधा पिगटेल नळी लागते. नळी बसवून ती रोज थोड्या सलाईनने धुतली, आणि स्राव दिवसाला दहा ते वीस मिलिलिटरच्या खाली आल्यावर काढली. संवेदनशीलतेनुसार सेफ्ट्रिॲक्झोन 2 ग्रॅम रोज दिले. एकूण उपचार चार ते सहा आठवड्यांचा असतो. क्लेब्सिएला सापडताच तिला दृष्टी अंधुक झाली आहे का, हे विचारले, कारण हा जिवाणू रक्तातून डोळ्यात आणि मेंदूच्या आवरणात जाऊ शकतो, आणि डोळ्यातील संसर्गात काही तासांचा उशीरही दृष्टी घालवतो. पित्तमार्ग आणि आतडे पाहण्यासाठी सीटी स्कॅनही केला. अमिबाच्या सरळ रुग्णाला तो लागत नाही.

मग अमिबाचाच संशय असताना सुई केव्हा घालावी? बहात्तर ते शहाण्णव तासांत उतार पडला नाही तर, जिवाणूंची शंका खरी वाटत असेल तर, निरोगी यकृताचा थर एक सेंटिमीटरहून कमी उरून गळू फुटेल असे वाटत असेल तर, आणि गळू डाव्या खंडात असेल तर. डाव्या खंडातील गळू हृदयाच्या आवरणात फुटू शकते, म्हणून तिथे आकार लहान असला तरी मी थांबत नाही. दहा सेंटिमीटरच्या पुढच्या गळवात पू काढणारे बरेच आहेत, आणि मलाही ते पटते. सुई घालण्यापूर्वी प्लेटलेट्स आणि आयएनआर पाहावेत, आणि ती सोनोग्राफीखाली निरोगी यकृताच्या थरातून न्यावी, म्हणजे पू पोटात सांडत नाही. मेंढपाळ कुटुंबातील रुग्ण असेल, किंवा पोकळीत तरंगता पडदा अथवा लहान-लहान पिल्ले-पोकळ्या दिसत असतील, तर हायडॅटिडचा विचार केल्याशिवाय सुई हातात घेऊ नये, कारण त्यातील द्रव सांडल्यास तीव्र ॲलर्जीचा झटका येऊ शकतो.

निघालेल्या पुवाचा रंग पाहून निदान करण्याचा मोह होतो. अमिबाच्या पुवाला पुस्तके माशांच्या चटणीची उपमा देतात. आपल्याकडे चिंचेच्या कोळासारखा, तपकिरी आणि बिनवासाचा म्हटले की चटकन कळते. परंतु अमिबाचा पू पिवळाही असू शकतो आणि त्यात नंतर जिवाणूंचा शिरकावही होऊ शकतो, म्हणून रंग कोणताही असो, नमुना ग्रॅम स्टेन आणि कल्चरला गेलाच पाहिजे. अमिबा गळवाच्या भिंतीलगत असतात, म्हणून त्यांच्यासाठी शेवटी निघणारा पू पाठवावा. पहिल्या सिरिंजमधल्या पुवात ते न दिसणे काहीच सिद्ध करत नाही.

शेतमजुराने मेट्रोनिडॅझोलचे दहा दिवस पुरे केले, पण त्यासाठी दारूचा विषय स्पष्ट बोलावा लागला. या औषधावर दारू घेऊ नये, शेवटच्या गोळीनंतरही तीन दिवस घेऊ नये, असे सांगितले की काही रुग्ण दारू सोडण्याऐवजी गोळ्याच सोडतात, आणि मग पाचव्या दिवशी ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून परत येतात. अशा रुग्णाला सुई घालण्यापूर्वी गोळ्यांची पाकिटे मोजून पाहावीत. दहा दिवसांनंतर त्याला डायलोक्झॅनाइड फ्युरोएट 500 मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, आणखी दहा दिवस दिले. मेट्रोनिडॅझोल यकृतातील अमिबा मारते, परंतु आतड्यातील सिस्ट त्याने खात्रीने जात नाहीत, आणि त्या राहिल्या तर गळू पुन्हा होऊ शकते आणि घरातील इतरांनाही लागण होऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर हीच ओळ सर्वांत जास्त वेळा राहून गेलेली मी पाहिली आहे. तीन महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत तीन सेंटिमीटरची पोकळी होती. त्याला ताप नव्हता, दुखत नव्हते, वजन परत आले होते, म्हणून तिला हात लावला नाही.