फायरवॉल डबा, ओपनव्हीपीएन की वायरगार्ड? अपडेटच्या हिशोबानं बघूया

उद्यमबागेतलं मशीन शॉप असो, टिळकवाडीतलं सीएचं ऑफिस असो नाहीतर निपाणीतली तंबाखूची वखार, मागणी एकच असते. टॅली ऑफिसातल्या मशीनवर आहे, आणि मालकांना ते घरून नाहीतर कोल्हापूरच्या ब्रँचमधून बघायचंय. मग स्वतःचा व्हीपीएन टाकायचं ठरतं आणि स्पीड किती, खर्च किती यावर चर्चा होते, पण बसवणारा पोरगा पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरीला गेला की त्या मशीनकडं बघणार कोण हे कुणी विचारत नाही. मी इथं तेवढंच बघणार आहे.

आधी व्हीपीएनवरच डोळा का असतो ते बघा. टॅलीचं मशीन आत लपलेलं असतं, पण व्हीपीएनचा पोर्ट अख्ख्या इंटरनेटला उघडा ठेवावाच लागतो. समोरचा कोण आहे हे कळायच्या आधीच त्यानं पाठवलेलं पॅकेट त्या सॉफ्टवेअरला वाचावं लागतं, आणि बग नेमका त्या भागात असला की तुमचा पासवर्ड कितीही भारी असो, तो विचारलाच जात नाही. त्यात पॅच आला की काय दुरुस्त केलंय ते जुनं-नवं शेजारी ठेवून शोधणारे असतातच, म्हणजे पॅच निघाल्यानंतरच जुन्या व्हर्जनवाल्यांचे दिवस जास्त वाईट.

पहिला पर्याय फायरवॉलचा डबा, ज्यात एसएसएल व्हीपीएन आयता असतो. सेटअप सोपा, डीलर येऊन करून जातो. पण याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण फोर्टिनेट कंपनीच्या डब्यांचं आहे, CVE-2018-13379 नंबरचा बग. लॉगिन न करता बाहेरून डब्यातली फाईल वाचता यायची, आणि त्या फाईलमध्ये चालू सेशनवाल्यांचं युजरनेम आणि पासवर्ड साध्या अक्षरात. पॅच मे २०१९ मध्ये आला. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७ हजार डब्यांची लॉगिन यादी बाहेर फुटली. यात मेख अशी की त्यातल्या काहींनी मधल्या काळात पॅच टाकलाही असेल, पण पासवर्ड जुनेच ठेवले असतील तर चोरीला गेलेला पासवर्ड पॅच टाकलेल्या डब्यावरही चालतोच की. म्हणून लॉगिन आधीच्या बगचा पॅच उशिरा टाकला असेल तर सगळ्यांचे पासवर्ड बदलायचे, चालू सेशन तोडायचे आणि ओटीपी चालू करायचा, हे पॅचिंगचंच काम धरा.

डब्याची दुसरी अडचण म्हणजे फर्मवेअर. बऱ्याच कंपन्यांचं नवीन फर्मवेअर सपोर्टचं रिन्यूअल असल्याशिवाय मिळत नाही, आणि आपल्याकडं पहिलं वर्ष संपलं की रिन्यूअल 'पुढच्या महिन्यात बघू'. डबा मात्र चालूच राहतो, दिवे लुकलुकत असतात, सगळं बरं दिसतं.

दुसरा पर्याय उबुंटूवर ओपनव्हीपीएन. जुना, भरवशाचा, काही अडलं तर मदत लगेच सापडते. हा साधा प्रोग्रॅम म्हणून चालतो आणि ओपनएसएसएल नावाची लायब्ररी वापरतो, त्यामुळं ओपनएसएसएलचा बग तो याचाही बग. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलचा हार्टब्लीड बग आला तेव्हा ओपनव्हीपीएनही त्यात सापडला होता. इथं लोक फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. उबुंटू सिक्युरिटी अपडेट आपोआप टाकतं, डिस्कवर नवी लायब्ररी येते, पण आधीपासून चालू असलेला ओपनव्हीपीएन मेमरीतली जुनीच धरून बसतो. सर्व्हिस रीस्टार्ट करायला नीडरीस्टार्ट नावाचं टूल असतं खरं, पण त्याच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये ओपनव्हीपीएन मुद्दाम वगळलेला आहे, कारण तुम्ही त्याच टनेलमधून आत बसला असाल तर फांदीच तुटायची. म्हणजे अपडेट झालंय असं वाटतं आणि चालतंय जुनंच. बघायचं असं:

```
sudo lsof -c openvpn | grep DEL
```

यात libssl किंवा libcrypto ची ओळ दिसली की समजा रीस्टार्ट बाकी आहे. रीस्टार्टला काही सेकंद लागतात, लोकांचं कनेक्शन तुटून परत जुळतं. आणखी एक, ओपनव्हीपीएन त्यांच्या स्वतःच्या रेपोमधून टाकला असेल तर उबुंटूचं ऑटो-अपडेट डिफॉल्टमध्ये त्याला हात लावत नाही, ती रेपो यादीत वेगळी घालावी लागते. सेटअपमध्ये tls-crypt चालू ठेवा, मग ज्याच्याकडं ती की नाही त्याची पॅकेटं दारातच टाकून दिली जातात.

तिसरा वायरगार्ड. मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ पासून तो कर्नलमध्येच आहे. कोड छोटा, पासवर्ड हा प्रकारच नाही, आणि ओळखीची की नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळं स्कॅन करणाऱ्याला पोर्ट आहे की नाही हेही कळत नाही. मला हा गुण सगळ्यात मोठा वाटतो, जुन्या व्हर्जनची यादी काढणाऱ्याला तुम्ही सापडतच नाही. पण कर्नलमध्ये असल्यानं याचा पॅच म्हणजे कर्नलचा पॅच, आणि मशीन रीबूट झाल्याशिवाय तो लागत नाही. समजा उबुंटू २४.०४ वर तुम्ही हे टाकलंत:

```
uname -r
ls /boot/vmlinuz-*
cat /var/run/reboot-required
```

वर ६.८.०-४५ दिसतंय आणि /boot मध्ये ६.८.०-६० पडलंय, तर नवा कर्नल उतरलाय पण चाललाय जुना. रीबूट कुणी करणार नाही हे गृहीत धरून /etc/apt/apt.conf.d/50unattended-upgrades मध्ये हे टाका:

```
Unattended-Upgrade::Automatic-Reboot "true";
Unattended-Upgrade::Automatic-Reboot-Time "02:30";
```

आता यात दोन खड्डे आहेत. भाड्याचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी वेळेवर असतो, म्हणजे रात्री अडीच म्हणून लिहिलेलं आपल्याकडं सकाळी आठला होतं, नेमकी पहिली शिफ्ट कामाला लागलेली असते. `sudo timedatectl set-timezone Asia/Kolkata` आधी करून घ्या. दुसरं, `sudo systemctl enable wg-quick@wg0` केलेलं नसेल तर रीबूटनंतर टनेल उठतच नाही, आणि मग वैतागून कुणीतरी ऑटो-रीबूटच बंद करतं. मशीन ऑफिसात असेल तर बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंगही बघा, खानापूर साईडला तर हे हवंच.

आणि दोन्हीला लागू असलेली गोष्ट, उबुंटूची स्वतःची मुदत. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपलाय. आपोआप अपडेट चालू असूनही तिथं आता पॅच येत नाहीत, आणि एररही येत नाही, नुसतं शांत. २४.०४ ला २०२९ पर्यंत आहे.

मग घ्यायचं काय? बघणारं माणूस नसलेल्या पाच-दहा जणांच्या ऑफिसला मी डोळे झाकून वायरगार्ड सांगेन, २४.०४ वर आणि वरचं ऑटो-रीबूट लावूनच. एकच कमी, माणूस सोडून गेला किंवा मोबाईल हरवला तर त्याची की सर्व्हरवरून हातानं काढावी लागते. तीस-चाळीस लोक, येणं-जाणं जास्त, प्रत्येकाचं सर्टिफिकेट वेगळं रद्द करायचंय, किंवा क्लायंटच्या नेटवर्कमध्ये यूडीपी अडवलेलं असतं आणि टीसीपीवरूनच जावं लागतं, तर ओपनव्हीपीएन घ्या, पण मग महिन्यातून एकदा वरची lsof वाली ओळ चालवणारं माणूस ठरलेलं पाहिजे.

डबा घ्यायचाच असेल, कारण फायरवॉल तसाही लागणारच असतो, तर डीलरला कोटेशनमध्ये तीन वर्षांचं सपोर्ट रिन्यूअल आणि फर्मवेअर टाकायचं काम कुणाकडं हे लेखी मागा. शिवाय फोर्टिनेटनं फोर्टिओएस ७.६.३ पासून एसएसएल व्हीपीएनचा टनेल मोड काढूनच टाकलाय, त्यामुळं नवीन घेताना थेट आयपीसेकवरच सेटअप करून मागा, नाहीतर पुढच्या मोठ्या अपडेटला टनेल बंद पडेल म्हणून डीलरच म्हणेल, अपडेट नको, आहे तसंच राहू द्या की.