स्कायरिम: बरेच महिने खेळल्यावर कळलेलं भांडणाचं मूळ

बेथेस्डाचा हा गेम २०११ सालचा. गेले बरेच महिने मी तो खेळतोय. ग्राफिक्सवर आणि लढायांवर भरपूर लिहून झालंय, नवा खेळाडू अडतो तो कथेत. सुरुवातीलाच तुम्हाला हात बांधून शिरच्छेदासाठी नेतात, गाडीत तोंडाला पट्टी बांधलेला बंडखोरांचा नेता उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक असतो, आणि लगेच साम्राज्य की बंडखोर हा प्रश्न उभा राहतो. भांडण कशावरून, हे मात्र आपल्यालाच शोधावं लागतं.

गेम घडतो चौथ्या युगाच्या २०१ साली, पण ठिणगी पडली १७१ मध्ये. एल्फांच्या राज्यावर थॅलमोर या कडव्या गटाचा ताबा होता. त्यांनी साम्राज्यावर हल्ला केला, तेच महायुद्ध. राजधानी पडली, १७५ मध्ये ती परत घेतली, पण तोवर सैन्याचा कणा मोडला होता. सम्राट टायटस मीड दुसरा याने तह केला आणि त्यात टॅलॉसची पूजा बंद करायचं मान्य केलं. टॅलॉस म्हणजे साम्राज्याचा संस्थापक टायबर सेप्टिम, पुढे देवपदाला पोचलेला. स्कायरिमच्या नॉर्ड लोकांचं ते आराध्य दैवत, आणि माणूस देव झाला हेच थॅलमोरला खपत नाही.

बंडाचं बीज पडलं मार्कार्थमध्ये. महायुद्धाच्या धामधुमीत तिथल्या रीचमन लोकांनी शहर घेतलं होतं. टॅलॉसची पूजा मोकळेपणी करू द्याल, या बोलीवर उल्फ्रिकने ते परत जिंकून दिलं. थॅलमोरला सुगावा लागताच साम्राज्याने शब्द फिरवला आणि त्यालाच तुरुंगात टाकलं. त्याची चीड मला पटते. पण गेममधलंच एक पुस्तक त्याने शहर घेताना केलेल्या कत्तलीचं वर्णन करतं, आणि त्याच्या विंडहेल्म शहरात डार्क एल्फ एका कळकट वस्तीत राहतात, सरड्यासारख्या आर्गोनियन लोकांना तर तटाच्या आत राहायलाही बंदी. पुढे त्याने स्कायरिमचा उच्चराजा टॉरिग याला द्वंद्वाचं आव्हान देऊन आवाजाच्या विद्येने, थूमने, पाडलं. तोंडावरच्या पट्टीचं कारण हेच.

माझा आग्रह एवढाच, की बाजू निवडण्याआधी मुख्य कथेत डेल्फिन या सराईच्या मालकिणीसोबत पुढे जा. ती तुम्हाला थॅलमोरच्या दूतावासातल्या मेजवानीत घुसवते. तिथे उल्फ्रिकच्या नावाची फाइल मिळते. महायुद्धात तो त्यांचा कैदी होता. त्याने दिलेल्या माहितीमुळेच राजधानी पडली, असं त्याच्या मनावर बिंबवलं गेलं, आणि ते खोटं होतं. बंडखोर जिंकणंही थॅलमोरला नको आहे, त्यांना हवंय ते रखडणारं युद्ध. या एका कागदाने दोन्ही बाजूंकडे बघायची माझी नजर बदलली.

गेम उणा पडतो तो शेवटी. युद्ध संपल्यावर काही ठिकाणचे यार्ल म्हणजे स्थानिक सत्ताधीश आणि पहारेकऱ्यांचे गणवेश बदलतात, लोकांच्या जगण्यात फारसं काही हलत नाही. निवड चुकली असं वाटलं तर एक वाट आहे: जॅग्ड क्राउन हा जुना राजमुकुट हाती आल्यावर तो आपल्या सेनापतीला न देता विरुद्ध बाजूला नेऊन द्या, पक्ष बदलता येतो. त्यानंतर नाही.