स्टेटसमधला टोमणा: खालीच विचारावं की सरळ फोन करावा?

‘गरज सरो, वैद्य मरो.’ काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, खाली नाव नाही, गाव नाही. वाचल्यावर पहिला विचार येतो तो हाच, की हे आपल्यालाच तर नाही ना? लेकी बोले सुने लागे हा प्रकार जुनाच आहे. फक्त आता सुनेने तो पाहिला हेही बोलणाऱ्याला ‘कोणी पाहिलं’च्या यादीत दिसतं.

उलट स्टेटस टाकायचा पर्याय मी विचारातच घेत नाही. तो सामना बाकीचे फुकटात बघतात. खरी निवड दोनच गोष्टींत आहे: त्याच स्टेटसखाली ‘हे माझ्यासाठी आहे का?’ असं विचारणं, किंवा स्टेटसचा विषयच न काढता फोन करणं.

खालीच विचारण्याच्या बाजूने बरंच बोलता येईल. ते प्रामाणिक वाटतं, मनात किडा राहत नाही आणि समोरचा सरळ असेल तर दोन वाक्यांत मिटतंही. अडचण अशी, की सरळ बोलणारा माणूस बहुधा असं स्टेटस टाकतच नाही. वरची म्हण माझ्या एका मित्राने टाकली होती. आमचं नुकतंच एका कामावरून वाजलं होतं, म्हणून मी खालीच विचारलं. उत्तर आलं, ‘नाही रे, सहज टाकलं.’ झालं, आता पुढे काय बोलणार? तो खोटं बोलतोय असं म्हणता येत नाही, आणि खरं मानून गप्प बसलो तर मूळ भांडण तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी नवं स्टेटस आलं: ‘ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं.’

मला हा पर्याय सोडायला लावला तो याच गोष्टीने. नाव न घेता लिहिलं की नाकबूल करायची सोय आपोआप राहते, आणि आपण विचारलं की ‘मला लागलं’ ही कबुली आपल्याच हस्ताक्षरात जाते. शिवाय व्हॉट्सअॅपवर स्टेटस २४ तासांत जातं, पण त्याला दिलेलं उत्तर चॅटमध्ये राहतं. त्याचं बोलणं पुसलं जातं आणि आपला प्रश्न मागे उरतो.

दुसरी शक्यता म्हणजे ते खरंच आपल्यासाठी नसतं. अॅलन फेनिग्स्टाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली याच खोडीवर लिहिलं होतं: एखादी गोष्ट आपल्याला उद्देशून आहे, असं माणूस गरजेपेक्षा जास्त वेळा धरून चालतो. माझी मावसबहीण एकदा ‘नाती फक्त नावापुरती उरली’ छापाचं काहीतरी टाकून बसली होती. मी फोन केला तो तिच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायला, स्टेटसचं नावही काढलं नाही. थोड्या वेळाने तिनेच जावेशी झालेल्या भांडणाची सगळी कहाणी सांगितली. ‘हे मला होतं का?’ असं विचारलं असतं, तर तिच्या दुखण्यात मी माझंच गाऱ्हाणं घुसवलं असतं.

फोनचं मला आवडतं ते इथेच. अंदाज बरोबर असो वा चूक, नुकसान होत नाही. राग आपल्यावर असेल तर तो आवाजात कळतो: उत्तरं तुटक येतात, ‘बरं’, ‘हो’, ‘बघू’. मग ‘त्या दिवशीचं तुला खटकलं का?’ असं घडलेल्या प्रसंगाबद्दल विचारता येतं. प्रसंग नाकारणं स्टेटस नाकारण्याइतकं सोपं नसतं. अर्थात फोनला वेळ जातो, आणि ज्याला टोमण्याचीच सवय आहे त्याला ‘स्टेटस टाकलं की फोन येतो’ असा धडाही मिळू शकतो. म्हणून मी लगेच करत नाही, एखादा दिवस जाऊ देतो.

रडक्या गाण्यांचं मात्र वेगळं. गाणं बहुतेक वेळा टाकणाऱ्याच्या मनःस्थितीचं असतं, आपल्या वागण्याचं नव्हे. तिथे खालीच ‘बरी आहेस ना?’ असं लिहिलेलं चालतं, कारण त्यात आपण मध्ये येत नाही. आणि जगण्याचा कंटाळा आल्याचं, निरोप घेतल्यासारखं काही दिसलं, तर कोणासाठी आहे हा हिशेबच करू नये. एक दिवस थांबण्याचा माझा नियम तिथे लागू नाही. लगेच फोन करावा, आणि लागला नाही तर त्यांच्या जवळ असलेल्या कोणाला तरी कळवावं.

राहिले ते लोक, ज्यांना फोन करण्याइतकं आपलं नातंच नाही: जुने सहकारी, लांबचे नातेवाईक. त्यांची स्टेटसं मी म्यूट करतो. ती यादीत खाली जातात आणि त्यांना त्याची सूचनाही जात नाही.