ट्रेझरी बिल काही महिने वापरल्यावर: भाव, दिवस आणि खरा परतावा

बरेच महिने झाले, अल्पमुदतीचे पैसे मी ट्रेझरी बिलांमध्ये ठेवतोय. सरकारी कर्जरोखे म्हटल्यावर बुडण्याची भीती जवळपास नाही, त्यामुळे सुरक्षिततेवर वेगळं लिहीत नाही. लिहायचंय ते परताव्याबद्दल. या बिलावर व्याजाचा दर छापलेला नसतो. तो भाव आणि दिवस यांतून काढावा लागतो, आणि तो कसा काढला यावर आकडा बदलतो.

व्यवहार सरळ आहे. बिलाची दर्शनी किंमत १०० रुपये धरली, तर ते १०० पेक्षा कमी भावाला विकलं जातं आणि मुदत संपली की पूर्ण १०० हातात येतात. मधे व्याज मिळत नाही. भारतात ही बिलं ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असतात. त्यांचा लिलाव रिझर्व्ह बँक घेते. रिटेल डायरेक्ट खात्यातून सामान्य माणूसही किमान १०,००० रुपये दर्शनी किमतीपासून बोली लावू शकतो. आपण भाव सांगत नाही, फक्त रक्कम सांगतो, आणि स्पर्धेत उतरलेल्या मोठ्या बोलीदारांच्या मान्य बोलींचा भारित सरासरी भाव आपल्याला लागू होतो. म्हणजे बोली लावताना परतावा नक्की ठाऊक नसतो, तो निकालानंतर कळतो.

आता एक उदाहरण नीट करून पाहू. समजा ९१ दिवसांचं बिल ९८.३६ ला मिळालं. एक लाख दर्शनी किमतीसाठी ९८,३६० रुपये गेले, मुदतीअखेर एक लाख आले, कमाई १,६४० रुपये. ही कमाई कशावर? आपण गुंतवलेल्या ९८,३६० वर. म्हणून १.६४ ला ९८.३६ ने भागायचं, १.६६७ टक्के येतात. हे ९१ दिवसांचे झाले. वर्षाला आणायचे तर ३६५ ने गुणून ९१ ने भागायचं: ६.६९ टक्के. लिलावाच्या निकालात भावाच्या शेजारी जो परतावा छापतात, तो याच रीतीने काढलेला असतो. मी तक्त्यात हे एकच सूत्र ठेवलंय. भाव दुसऱ्या रकान्यात, दिवस तिसऱ्या रकान्यात:

```
=(100-B2)/B2*365/C2
```

इथे एक फरक माहीत असायलाच हवा. याच बिलाचा आकडा काही ठिकाणी ६.४९ टक्के दिसेल. भाव तोच, दिवस तेच. तिथे १.६४ ला ९८.३६ ऐवजी १०० ने भागलेलं असतं आणि वर्ष ३६० दिवसांचं धरलेलं असतं. अमेरिकेत लिलावाचा 'डिस्काउंट रेट' असाच सांगतात, आणि शेजारी गुंतवणुकीचा परतावा वेगळा देतात. त्यामुळे दोन देशांची बिलं शेजारी ठेवताना आधी भाजक कोणता आणि वर्ष किती दिवसांचं, हे पाहावं. तुलना त्यानंतर करावी. डिस्काउंट रेट कायम खऱ्या परताव्यापेक्षा कमी दिसतो, कारण आपण १०० गुंतवलेलेच नसतात.

दुसरी गोष्ट चक्रवाढीची. ६.६९ हा सरळ दर आहे. ९१ दिवसांनी आलेले पैसे पुन्हा त्याच भावाने गुंतवत गेलो, तर वर्षाचा खरा आकडा ६.८६ टक्क्यांच्या आसपास जातो. ३६४ दिवसांच्या बिलाचा ६.६९ मात्र जवळपास ६.६९ च राहतो, कारण त्यात मधे पुनर्गुंतवणूक नाही. म्हणून निकालात दोन मुदतींचे परतावे सारखे दिसले तरी ते सारखे नसतात. छोट्या मुदतीच्या आकड्यात 'पुढच्या वेळीही असाच दर मिळेल' हे गृहीत आहे, आणि तो मिळेलच याची खात्री नाही. दर घसरताना मला ३६४ दिवसांचं बिल जास्त आवडतं, तेवढ्याच कारणासाठी.

भावाच्या दशांशांकडे मी आता बारकाईने बघतो. ९१ दिवसांच्या बिलात भाव एका पैशाने खाली आला, म्हणजे ९८.३६ चा ९८.३५ झाला, तर परतावा ६.६९ वरून ६.७३ होतो. ३६४ दिवसांच्या बिलात तोच एक पैसा परताव्यात जेमतेम ०.०१ टक्क्याचा फरक करतो. दिवस कमी असले की छोटा फरकही वर्षाच्या मापात मोठा होतो. निकालात भाव चार दशांशांपर्यंत का देतात, हे त्यामुळेच समजतं. आणि मुदत संपायला आठ-दहा दिवस उरलेलं बिल भलत्याच आकर्षक दराने दिसलं, तर आधी भावातला फरक बघावा. तो काही पैशांचाच असतो.

खऱ्या अनुभवात परतावा कुठे गळतो? दिवसांत. हिशेबाचे ९१ दिवस बिल खात्यात जमा होण्याच्या तारखेपासून मुदतपूर्तीपर्यंत मोजतात. आपले पैसे मात्र बोलीसाठी आधीच बाजूला पडलेले असतात, आणि मुदतपूर्तीनंतर पुढच्या लिलावापर्यंत पुन्हा थांबतात. बचत खात्याचं नाममात्र व्याज सोडलं, तर एकूण चारच दिवस पडून राहिले तरी तीच १.६६७ टक्क्यांची कमाई ९५ दिवसांवर पसरते आणि ६.६९ चे ६.४१ होतात. मुदत छोटी असेल तितकी ही गळती जास्त टोचते. ३६४ दिवसांच्या बिलाला चार दिवसांनी फारसं काही होत नाही. त्यामुळे पैसे बोलीच्या आदल्या दिवशीच हलवायचे, आणि परत आलेली रक्कम बचत खात्यात रेंगाळू द्यायची नाही, ही सवय मी लावून घेतलीय. बँकेच्या मुदतठेवीशी तुलना करतानाही हेच दिवस धरायला हवेत, ठेवीत पैसे त्याच दिवशी कामाला लागतात.

मुदतीआधी विकायचं असेल तर पुन्हा तेच सूत्र उलट वापरायचं. समजा ६० दिवस झाले, ३१ उरलेत आणि बाजारातला दर ७.२५ टक्क्यांवर चढलाय. घेणारा १०० ला १ + ०.०७२५ × ३१/३६५ ने भागून सुमारे ९९.३९ देईल. माझी कमाई १.०३, म्हणजे ६० दिवसांसाठी वार्षिक ६.३७ टक्के. दर अर्ध्या टक्क्याहून जास्त चढूनही तोटा झाला नाही, फक्त मिळकत थोडी घटली. इतक्या छोट्या मुदतीत भाव पडायला जागाच फार नसते. अडचण भावाची नसून गिऱ्हाइकाची आहे. दुय्यम बाजारात व्यवहार मोठ्या रकमांचे चालतात, आणि पंधरा-वीस हजारांच्या बिलाला लगेच घेणारा मिळेलच असं नाही. मिळाला तरी तो सूत्राच्या भावापेक्षा कमी सांगू शकतो. म्हणून ज्या पैशांची गरज कधी पडेल ते सांगता येत नाही, ते मी इथे ठेवत नाही. शाळेची फी, विम्याचा हप्ता, आगाऊ कर, अशा ठरलेल्या तारखांच्या पैशांसाठी मात्र मी आधी मुदतपूर्तीची तारीख पाहतो, मग मुदत निवडतो, आणि निकाल आला की भाव व दिवस तक्त्यात टाकून परतावा स्वतः काढतो.