काट्याचं बीपी मशीन आणि स्टेथोस्कोप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पाऱ्याचं मशीन वॉर्डातून गेलं आणि त्याच्या जागी काट्याचं, म्हणजे अॅनेरॉइड मशीन आलं, त्याला आता आठ महिने झाले. सोबत दोन तोंडांचा साधा स्टेथोस्कोप. दिवसाला वीस-पंचवीस जणांचं बीपी याच जोडीवर बघते. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण माझा अनुभव कंपनीपेक्षा एका छोट्या स्क्रूबद्दल जास्त आहे. फुग्याच्या तोंडाशी हवा सोडायचा जो स्क्रू असतो, तो.

पहिले दोन आठवडे मी या मशीनवर खूप चिडले. आकडे जुन्या नोंदींशी जुळत नव्हते. वरचं कमी यायचं, खालचं जास्त. मशीनच खराब आहे असं मी ठरवूनही टाकलं होतं. मग एकदा आमच्या जुन्या सिस्टर बाजूला उभ्या राहिल्या, त्यांनी मला एक बीपी घेताना बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, हवा सोडतेयस की ओततेयस?"

खरंच ओतत होते. जुन्या मशीनचा स्क्रू जाम असायचा, जोर लावून फिरवायची सवय झालेली. याचा स्क्रू मऊ आहे. बोट जरा जास्त फिरलं की काटा सेकंदाला दहा मिलिमीटरने खाली धावतो. दहाने काय एवढं बिघडतं असं वाटेल, म्हणून हिशोबच मांडते. समजा पेशंटचं खरं बीपी १५८/८४ आहे आणि नाडी मिनिटाला ६०, म्हणजे सेकंदाला एक ठोका. आवाज फक्त ठोक्याबरोबरच येतो, मधल्या वेळात कान रिकामा. काटा सेकंदाला दहाने उतरत असेल तर ठोके पडतील १७०, १६०, १५०, १४० अशा आकड्यांवर. १६० ला रक्त पट्ट्याखालून जाऊच शकत नाही, म्हणून शांतता. पहिला आवाज येणार थेट १५० ला. खाली ९० ला शेवटचा आवाज, कारण पुढचा ठोका ८० वर पडतो आणि तोवर आवाज संपलेला असतो. वहीत गेलं १५०/९०. ऐकण्यात काहीच चूक नाही, तरी वरचं आठने कमी आणि खालचं सहाने जास्त. माझ्या नोंदी नेमक्या याच दिशेने बिघडत होत्या.

सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर हा नियम शिकताना सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. हाताला तो कसा कळायचा, हे मला या मशीनने शिकवलं. डायलवर दर दोन मिलिमीटरला एक बारीक रेघ असते. म्हणजे सेकंदाला एक रेघ, किंवा अगदी थोडं जास्त. पट्टा एका बाटलीभोवती गुंडाळून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सराव केला. १८० पासून ६० पर्यंत यायला ४० सेकंद ते एक मिनिट लागायला हवं. माझं पहिल्या दिवशी पंधरा सेकंदांत उरकलं होतं.

सराव करताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. स्क्रू एकदा उघडून तसाच ठेवला तर वेग सारखा राहत नाही. वर दाब जास्त असतो तेव्हा हवा जोरात बाहेर पडते, खाली येईल तशी ती मंदावते. १७० ला बरोबर चाललेला काटा ९० पाशी रेंगाळायला लागतो. म्हणून उतरताना स्क्रू अगदी केसभर उघडत राहावं लागतं. नाहीतर माझं व्हायचं ते होतं: ९० पाशी कंटाळून स्क्रू झटकन सैल करायचा, आणि खालचा आकडा नेमका तिथेच चुकायचा. उलट फार हळू उतरवणंही बरं नाही. हाताच्या शिरांमध्ये रक्त साचतं, पेशंटला हात ठणकतो, आवाज दबतात आणि खालचं बीपी जास्त लागतं. ज्यांची नाडी संथ आहे, पन्नासच्याही खाली, त्यांच्यासाठी मी सेकंद सोडून ठोका मोजते. दर ठोक्याला दोन मिलिमीटर.

आता आवाजांबद्दल. रशियाचे सर्जन निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये ते मांडले, म्हणून पुस्तकात त्यांच्या नावाने पाच टप्पे असतात. कानाला ते असे लागतात: आधी नखाने टेबलावर टिचकी मारावी तशी स्वच्छ टप-टप, मग त्यात फुसफुस मिसळते, मग पुन्हा ठळक ठक-ठक, मग कुणी वर गोधडी टाकावी तसा दबलेला आवाज, आणि शेवटी शांतता. वरचं बीपी पहिल्या टिचकीला, पण लागोपाठ दोन ठोके ऐकू आले तरच. खालचं आवाज थांबतो तिथे. काहींचा आवाज थांबतच नाही, शून्यापर्यंत येत राहतो. गरोदर बायकांमध्ये हे अधूनमधून दिसतं. तिथे आवाज दबला तो आकडा धरायचा आणि तसं नोंदीत लिहायचं.

मात्र "आवाज थांबत नाही" म्हणण्याआधी आपला हात बघावा. माझ्या एका पेशंटला ३० पर्यंत आवाज येत होता. स्टेथोस्कोपचं तोंड मी इतकं दाबून धरलं होतं की खालची धमनी माझ्याच अंगठ्याने चिमटली गेली होती. हात हलका केला, पट्टा पूर्ण रिकामा करून एक मिनिट थांबून पुन्हा घेतलं, तर आवाज ७४ ला थांबला. तोंडाची कड पट्ट्याखाली खुपसली तरी असाच घोळ होतो, शिवाय घासल्याचे आवाज वेगळे. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळगीपासून दोन बोटं वर ठेवली की हा प्रश्न येत नाही. हा स्टेथोस्कोप त्या बाबतीत चांगला आहे. छोटी बाजू, म्हणजे बेल, हलकी टेकवली की मंद आवाजही नीट पकडते.

आता ज्या केसमुळे हे लिहायला बसले ती. एक आजी दर पंधरवड्याला यायच्या. वही सांगत होती १४८/८६, १५०/८४, १४६/८६. गोळ्या चालू, सगळं बरं. त्या दिवशी डोकं जड आहे म्हणाल्या. पट्टा फुगवताना माझी तीन बोटं त्यांच्या मनगटावर होती. ही सवय मी या मशीनबरोबरच लावून घेतली. १६० झालं, नाडी लागतेय. १७०, लागतेय. १८०, अजून आहे. १९० च्या जरा वर गेल्यावर ती बोटाखालून गेली. पट्टा रिकामा केला, मिनिटभर थांबले, मग २२० पर्यंत फुगवून हळूहळू सोडलं. १९२ ला टिचकी सुरू झाली. १७२ पाशी आवाज गायब! कान सुन्न झाल्यासारखं वाटलं, पण बोटाखाली नाडी चालूच होती. १४८ ला आवाज परत आला आणि ८६ ला थांबला.

मधल्या या मुक्या पट्टीला ऑस्कल्टेटरी गॅप म्हणतात. वय झालेल्या, कडक धमन्यांच्या आणि जुन्या बीपीच्या माणसांत ती जास्त भेटते. आधी सगळ्यांसारखंच सवयीने १६० पर्यंत फुगवून आजींचं बीपी घेतलं जात होतं. १६० हा आकडा बरोबर त्या मुक्या भागात पडतो, तिथे शांतता, मग १४८ ला "पहिला" आवाज. वहीतली प्रत्येक नोंद ऐकणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलेली होती. त्यातल्या काही माझ्याच होत्या. डॉक्टरांना मी १९२/८६ सांगितलं आणि कागदावर १७२ ते १४८ गॅप असंही लिहिलं, नाहीतर पुढची सिस्टर पुन्हा १६० वरच थांबली असती.

बोटाने नाडी बघण्याची ही पद्धत खरं तर स्टेथोस्कोप लावून बीपी ऐकण्याच्याही आधीची. १८९६ मध्ये इटलीचे डॉक्टर रिवा-रोच्ची यांनी पट्टा आणला तेव्हा एवढंच करायचे, आणि फक्त वरचं बीपी कळायचं. नाडी जाते त्या आकड्याच्या २० ते ३० वर फुगवा, मग ऐका. जास्तीची दीड-दोन मिनिटं जातात. गर्दीच्या वेळी मागचे लोक कुरकुर करतात. करू देत. आवाज फारच मंद असतील तर मी पेशंटचा हात अर्धा मिनिट डोक्यावर धरून ठेवते, तसाच फुगवते, मग हात खाली आणून ऐकते. शिरांमधलं साचलेलं रक्त उतरतं आणि आवाज उघडतो.

पट्ट्याचं माप आणि हाताची उंची यावर थोडक्यात बोलते, कारण तिथे हाताच्या कसबापेक्षा लक्ष लागतं. जाड दंडाला मधल्या मापाचा पट्टा ओढून बसवला की बीपी फुकटच जास्त दिसतं. आतल्या रबरी पिशवीने दंडाचा निदान ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. हात हृदयाच्या पातळीला, टेबलावर टेकलेला हवा. दहा सेंटिमीटर खाली लोंबला की सात-आठ मिलिमीटर वाढतात. पेशंट पाच मिनिटं गप्प बसलेला असावा. "काय आजी, बरं ना?" हे मी आता पट्टा काढल्यावर विचारते.

तक्रारीही आहेत. या मशीनचा काटा धक्का लागला की रुसतो. चौथ्या महिन्यात ते ट्रॉलीवरून पडलं आणि त्यानंतर रिकाम्या पट्ट्यावर काटा शून्याऐवजी ६ वर उभा राहायचा. म्हणजे प्रत्येकाच्या बीपीत सहाची भर. पडलं कधी ते मला माहीत होतं म्हणून कळलं. नाहीतर आठवडाभर सगळ्या वॉर्डाचं बीपी "वाढलं" असतं. आकडा वजा करून काम चालवायचा सल्ला एकाने दिला, तो ऐकू नका. शून्यावर चुकणारा काटा वरच्या आकड्यांना तेवढाच चुकेल याची खात्री नसते. मशीन कॅलिब्रेशनला पाठवलं, दहा दिवस दुसऱ्यावर काम केलं. दुसरी तक्रार डायलची. तो लहान आहे आणि तिरकं बघितलं की रेघ चुकते.

माझी स्वतःची एक खोड अजून पूर्ण गेलेली नाही. मागच्या महिन्यात वहीची पानं चाळली, तर निम्म्याहून जास्त आकडे शून्यावर संपलेले. १३०, १४०, ८०, ९०. काटा दोन-दोनने वाचता येतो, मग १३४ आणि ७८ गेले कुठे? तेव्हापासून आकडा मनात गोल होण्याआधी, पट्टा सोडायच्याही आधी, कागदावर उतरवते.

सध्या स्क्रूच्या आट्यांत धूळ बसली असावी, तो मध्येच अडकतो आणि मग एकदम सुटतो. काटा १२० वरून १०८ वर उडी मारतो. असं झालं की ते बीपी मी लिहीत नाही, मिनिटभर थांबून पुन्हा घेते. स्क्रूचा नवा भाग मागवला आहे.