माणूस तोच, देणेकरी दुसरा: इंदूरमधील एका थकबाकीचा अनुभव

इंदूरच्या सांवेर रोडवर माझ्या मोठ्या भावाचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना आहे आणि त्याचे हिशेब मी पाहतो. नमकीन बनवणाऱ्या एका गृहस्थांना आम्ही 2016 पासून खोकी पुरवत होतो. ते आमच्याच समाजातले, लग्नकार्यात भेटणारे, आणि दादाला नावाने हाक मारणारे होते. त्यांनी आमचे पैसे ज्या रीतीने बुडवले ती रीत पुरवठादारांच्या बाबतीत वरचेवर वापरली जाते, आणि तिला कायद्यात उत्तर असले तरी ते कुठवर पोहोचते हे बहुतेकांना पैसे अडकल्यावरच कळते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली दोन वर्षे त्यांचा धंदा प्रोप्रायटरी होता, म्हणजे धंद्याचे देणे हे त्यांचे स्वतःचेच देणे होते. 2018 मध्ये ते दादाला म्हणाले, “अरे, आता आपली कंपनी झाली आहे. बिल तिच्या नावाने करत जा. व्यवहार तोच, माणूस तोच.” पाटी, गोदाम आणि फोन यांतले काहीही बदलले नाही. बदलला तो त्यांच्या जीएसटी क्रमांकातला अगदी मधला एक भाग. या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, मध्य प्रदेशासाठी 23, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात. पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे, पॅनधारक कोण आहे ते सांगते: व्यक्ती असेल तर P, भागीदारी असेल तर F, कंपनी असेल तर C. त्यांच्या बिलांवर P च्या जागी C आला, त्या दिवसापासून नव्या मालाचे पैसे देण्याची जबाबदारी त्या गृहस्थांवर राहिली नाही. ती एका अशा कायदेशीर व्यक्तीवर गेली, जिचे भरणा झालेले भांडवल एक लाख रुपये होते.

त्यापाठोपाठ कंपनीच्या लेटरहेडवर खात्याची बाकी कबूल करणारे एक पत्र सहीसाठी आले. त्यात प्रोप्रायटरीच्या काळातली 6 लाख 40 हजारांची जुनी थकबाकीही कंपनीच्या खात्यात आरंभीची बाकी म्हणून दाखवली होती. आमच्या जुन्या मुनीमजींनी ते पत्र बाजूला ठेवले आणि ‘ज्याच्या नावाचे बिल, त्याचेच खाते’ एवढेच म्हणून टॅलीत दोन लेजर वेगळे ठेवले. करार कायद्याच्या कलम 62 प्रमाणे धनकोच्या संमतीने जुन्या देणेकऱ्याच्या जागी नवा देणेकरी आला की जुना मोकळा होतो. ती सही झाली असती तर त्या गृहस्थांचे वैयक्तिक कर्जही कंपनीच्या माथी गेले असते. अशा पत्रांत आकडे बरोबर असतात, म्हणून माणसे सही करतात. पाहायचे असते ते आकड्याच्या वर लिहिलेले नाव.

2019 च्या अखेरीस कंपनीकडे आणखी 13 लाख थकले आणि उत्तरे येईनाशी झाली. भेट झाली तेव्हा ते शांतपणे म्हणाले की कंपनीकडे पैसे नाहीत आणि ते स्वतः केवळ भागधारक व संचालक आहेत. हे ऐकून संताप येतो, पण हे वाक्य कायद्याने बरोबर आहे. लंडनमध्ये चामड्याचे बूट बनवणाऱ्या ॲरन सॉलोमन यांनी आपला धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला होता. तिच्या 20,007 शेअरपैकी 20,001 त्यांचे आणि उरलेले सहा घरच्यांचे होते. कंपनी बुडाल्यावर हाउस ऑफ लॉर्ड्सने 1896 मध्ये निकाल दिला की कंपनी ही सॉलोमन यांच्याहून वेगळी व्यक्ती आहे आणि तिचे देणे त्यांच्याकडून वसूल करता येणार नाही. हा निकाल 1897 चा म्हणून उद्धृत होतो आणि आपल्याकडेही तोच पाया मानला जातो. त्या खटल्यात विनातारण उधारी देणाऱ्या व्यापाऱ्यांना काहीही मिळाले नाही, म्हणजे आमची जागा तेव्हापासून ठरलेली आहे. भागधारकाने शेअरची पूर्ण रक्कम भरली की त्याची जबाबदारी तिथे संपते. कंपनी आणि तिच्यामागची माणसे यांना वेगळे ठेवणाऱ्या या रेषेला कंपनीचा पडदा म्हणतात. आमचा कारखानाही आता प्रायव्हेट लिमिटेड झाला आहे, त्यामुळे या पडद्याशी माझे वैर नाही; प्रामाणिकपणे धंदा करून बुडालेल्या माणसाचे घर वाचावे, हे मला मान्य आहे.

प्रश्न होता तो धंदा बुडाला की बुडवला हा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून कोणत्याही कंपनीची दाखल झालेली कागदपत्रे पाहता येतात. AOC-4 या फॉर्मसोबत ताळेबंद असतो आणि MGT-7 मध्ये भागधारकांची माहिती असते. 31 मार्च 2020 च्या ताळेबंदात दोन गोष्टी ठळक दिसल्या. आदल्या वर्षी यंत्रसामग्री 31 लाखांची होती, ती 2 लाखांवर आली होती, आणि यंत्रांच्या विक्रीतून आलेली रक्कम त्या मानाने नगण्य होती. दुसरे म्हणजे संचालकाने कंपनीला दिलेले विनातारण कर्ज त्या वर्षी जवळजवळ पूर्ण फेडले गेले होते, तर पुरवठादारांची देणी वाढली होती. यंत्रे कुठे गेली हे शोधायला फार लांब जावे लागले नाही. पत्नी आणि मुलाच्या नावावर एक नवी कंपनी निघाली होती. तिचा पत्ता तोच, गोदाम तेच, आणि नमकीनच्या पाकिटावरचे नावही तेच होते. या कागदांची एक मर्यादा मात्र आहे: वार्षिक सभेची मुदत बहुधा 30 सप्टेंबरपर्यंत असते आणि त्यानंतर तीस दिवसांत ताळेबंद दाखल होतो, म्हणून जे दिसते ते निदान सहा-सात महिने जुने असते.

न्यायालये पडदा केव्हा बाजूला सारतात, हे आमच्या वकीलबाईंनी नीट समजावले. कंपनीत एकाच माणसाचा पूर्ण ताबा आहे एवढे पुरत नाही, कारण लहान कंपन्यांत बहुधा तसेच असते. पैसे दिले नाहीत एवढेही पुरत नाही. बलवंत राय सलुजा विरुद्ध एअर इंडिया या 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ताबा असणाऱ्यांनी जबाबदारी टाळण्यासाठीच कंपनीचा मुखवटा मुद्दाम उभा केला असेल, तेव्हाच असे करावे. त्याआधी दिल्ली विकास प्राधिकरण विरुद्ध स्किपर कन्स्ट्रक्शन या 1996 च्या निकालात, एकाच इमारतीच्या जागांसाठी असंख्य लोकांकडून पैसे घेणाऱ्या प्रवर्तकाची आणि त्याच्या पत्नी-मुलांची मालमत्ता न्यायालयाने कंपन्यांचे पडदे दूर करून जप्त केली होती. दोन्हींत महत्त्वाचा आहे तो क्रम. देणे आधी उभे राहिले आणि ते टाळण्यासाठी नंतर नवी कंपनी मध्ये आणली, असे दाखवता आले तर न्यायालय ऐकते. आमच्या बाबतीत 13 लाखांची बिले थकली 2019 मध्ये, आणि नवी कंपनी व यंत्रांचे हस्तांतर झाले त्यानंतर. पहिल्या कंपनीकडे पाहून पडदा उचलला गेला नसता, कारण ती आमच्या या उधारीच्या आधीची होती आणि तिने काही काळ खरोखर धंदा केला होता. उचलण्याजोगा पडदा होता तो दुसऱ्या कंपनीचा.

दावा कोणावर करायचा, हे म्हणूनच निर्णायक असते. इंदूरच्याच पालदा भागात पाउच छापणाऱ्या आमच्या एका परिचितांचेही त्याच कंपनीकडे पैसे होते. त्यांनी आमच्याआधी फक्त कंपनीवर दावा लावून डिक्री मिळवली आणि मग वसुलीच्या अर्जात संचालकाचे घर जप्त करण्याची मागणी केली. ती फेटाळली गेली, कारण वसुली करणारे न्यायालय डिक्रीच्या पलीकडे जात नाही आणि डिक्री संचालकाविरुद्ध नव्हतीच. त्यांच्या हाती उरले ते कंपनीचे रिकामे खाते.

आमच्या वकीलबाईंनी 2021 मध्ये व्यापारी न्यायालयात दावा लावला तो तिघांवर: ते गृहस्थ, जुनी कंपनी आणि नवी कंपनी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 4 प्रमाणे फसवणुकीचा आरोप करताना तपशील द्यावा लागतो. ‘संगनमताने फसवले’ असे मोघम लिहिलेले चालत नाही. म्हणून यंत्रांचे हस्तांतर, कर्जफेडीच्या नोंदी, दोन्ही कंपन्यांचे पत्ते आणि पाकिटांचे नमुने तारखांसह दाव्यात आले. यंत्रे पुढे विकली जाऊ नयेत यासाठी तातडीचा मनाईहुकूम मागितला होता, त्यामुळे दाव्यापूर्वीच्या सक्तीच्या मध्यस्थीत वेळ गेला नाही.

त्याच सुमारास जुन्या कंपनीने नोंदणीतून स्वतःचे नाव काढून टाकण्यासाठी STK-2 अर्ज केल्याची जाहीर सूचना दिसली. या अर्जाला संचालकांचे शपथपत्र आणि हानिरक्षण बंधपत्र जोडावे लागते, आणि कंपनीची देणी फेडलेली असावी लागतात. सूचनेनंतर तीस दिवसांत हरकत घेता येते. तेव्हा मध्य प्रदेशातले अर्ज ग्वाल्हेरच्या कंपनी निबंधकांकडे जात. मे 2023 पासून ते मानेसरच्या केंद्रीय कार्यालयाकडे जातात. आम्ही बिले आणि दाव्याची प्रत जोडून हरकत घेतली आणि अर्ज अडकला. नाव निघून गेले असते तरी सगळे संपले नसते, कारण कंपनी कायद्याच्या कलम 248 प्रमाणे संचालकांची व सदस्यांची जी जबाबदारी असेल ती तशीच राहते, आणि देणी टाळण्यासाठी असा अर्ज केला असेल तर कलम 251 प्रमाणे कंपनी चालवणारे लोक नुकसान झालेल्यांना वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरतात. आमच्या मते त्या गृहस्थांची सर्वांत मोठी अडचण यंत्रांची नव्हती, या शपथपत्राची होती.

न्यायालयाने गृहस्थांचे आणि नव्या कंपनीचे नाव दाव्यातून वगळण्यास नकार दिला आणि यंत्रे विकण्यास मनाई केली. पडदा उचलला, असा अंतिम निष्कर्ष मात्र आलाच नाही, कारण पुरावा सुरू होण्याआधी ते तडजोडीला आले. जुन्या 6 लाख 40 हजारांसाठी कोणताही पडदा उचलण्याची गरज नव्हती. ते त्यांचे वैयक्तिक देणे होते आणि ते त्यांनी पूर्ण मान्य केले. कंपनीच्या 13 लाखांपैकी 9 लाख ठरले, व्याज सुटले. हप्त्यांचे धनादेश कंपनीच्या खात्याचे न घेता त्यांच्या बचत खात्याचे घेतले, आणि नव्या कंपनीने संचालक मंडळाच्या ठरावासह हमी दिली. धनादेश न वटल्यास कलम 138 खाली सही करणारी व्यक्तीच आरोपी व्हावी, असा त्यामागचा हेतू होता. शेवटचा हप्ता मिळेपर्यंत मनाईहुकूम कायम राहील, असे तडजोडपत्रात लिहून घेतले होते, आणि हप्ते वेळेवर आले ते मुख्यतः या एका ओळीमुळे.